पन्नाशीतली बाई, शाकाहारी ताट आणि दिवसाला १०० ग्रॅम प्रथिनं: सोलापूरच्या स्वयंपाकघरातला आठवड्याचा आराखडा

आधी रोजचं ताट मोजू. सकाळी पोहे आणि दोन वेळचा चहा, दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर आमटी, वांग्याची भाजी, दोन चमचे शेंगाचटणी, रात्री एक भाकरी आणि आमटीभात. सोलापुरात घरोघरी असंच जेवण असतं आणि ते वाईट नाही. पण काट्यावर मोजलं तर त्यातून चाळीस ते पंचेचाळीस ग्रॅमच प्रथिनं मिळतात. पोट भरतं, भाकरी ताकद देते, तरी शंभराचा आकडा अर्ध्यावरच अडतो. उरलेले पंचावन्न ग्रॅम भाकरी वाढवून येत नाहीत, तशी वाढवली तर वजन वाढतं. ते कुठून आणायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

शंभर कुणाला

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींत स्त्रियांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. पंचावन्न किलोच्या बाईला ती साधारण सेहेचाळीस ग्रॅम होतात, म्हणजे वरच्या ताटाने गरज जवळपास भागते. शंभराचा आकडा त्याच्या दुप्पट आहे. पाळी जाण्याच्या आसपास स्नायू झपाट्याने घटू लागतात आणि वय वाढलेल्या स्नायूला एका जेवणात थोडी थोडी प्रथिनं देऊन भागत नाही. म्हणून व्यायाम करणाऱ्या किंवा वजन कमी करताना स्नायू राखू पाहणाऱ्या बाईला आहारतज्ज्ञ एवढं सांगतात. आपण या लेखासाठी बासष्ट किलोची, आठवड्यातून तीन दिवस डंबेल्स किंवा रबरी पट्ट्यांनी व्यायाम करणारी बाई धरू. तिला १०० ग्रॅम म्हणजे किलोमागे १.६ ग्रॅम, हे प्रमाण ठीक आहे. वजन पन्नास किलो असेल तर १०० ग्रॅम जास्त होतात, पंच्याहत्तर ते ऐंशी पुरतात. व्यायाम करायचाच नसेल तर एवढी खटपट करण्यात फारसा अर्थ नाही.

सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ती टाळू नये, कारण मूत्रपिंडाचा त्रास बऱ्याचदा काही न जाणवता असतो आणि तो असेल तर हा आराखडा तुमच्यासाठी नाही. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या. दूध, कॅल्शियम, लोह आणि सोयाबीन तिचं शोषण कमी करतात, म्हणून कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवा. सोयाबीनही गोळीपासून दूरच बरं, म्हणून आराखड्यात ते नाश्त्याला एकदाही नाही. नाश्ता गोळीनंतर तासाभराने करा.

दहाचा ठोकळा

रोज वही-पेन घेऊन बसायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून प्रथिनं ग्रॅमात नाही, दहा-दहा ग्रॅमच्या ठोकळ्यांत मोजा. दिवसाला दहा ठोकळे म्हणजे शंभर. एक ठोकळा किती पदार्थातून मिळतो ते खाली आहे. वजन कच्च्या, कोरड्या जिनसाचं आहे आणि कंसात साधारण कॅलरी आहेत.

- सोयाबीनच्या वड्या: २० ग्रॅम (७०)
- स्किम्ड मिल्क पावडर: २८ ग्रॅम (१००)
- तूर, मूग, मसूर कुठलीही डाळ: ४५ ग्रॅम (१५०)
- पनीर: ५५ ग्रॅम (१५० किंवा थोड्या जास्त)
- मटकी, हुलगे, चवळी: ५० ग्रॅम (१६५)
- फुटाणे: ४८ ग्रॅम (१७५)
- टोन्ड दूध: ३२० मिली (१९०)
- शेंगदाणे: ४२ ग्रॅम (२३५)
- ज्वारीचं पीठ: १०० ग्रॅम (३३५)

यादीचा तळ नीट पाहा. सोलापुरात शेंगदाणे कमी कुठेच पडत नाहीत. चटणीत, भरल्या वांग्यात, शेंगापोळीत, भाजीवर भुरभुरायलाही तेच. पण त्यांचं वजन अर्ध्याच्या जवळपास तेल असतं. तेवढीच प्रथिनं सोयाबीनच्या वड्यांतून घेतली तर कॅलरी तिसऱ्या हिश्श्याहून कमी लागतात. शेंगाचटणी चवीला हवी, ती खा, पण हिशेबात तिला ठोकळा धरू नका. दोन चमचे चटणी म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि ऐंशीवर कॅलरी.

भाकरी मात्र मोजायची. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी सहा ग्रॅम देते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर उसळ, वरण किंवा दही असेल तेव्हा त्या सहा ग्रॅमांचं चीज होतं, नुसती भाकरी-ठेचा खाल्ला तर नाही. बाजारातली कडक भाकरी चालते, पण ती कोरडी असल्यामुळे वजनाला हलकी आणि पिठाला दाट असते. तिला ताज्या भाकरीच्या मापाने मोजू नका, काट्यावर ठेवून ६० ग्रॅम धरा. दही किंवा घट्ट वरण कुस्करून खायला ती तशीही उत्तम.

माप चुकतं ते वाटीत

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. कुणी सांगतं, "डाळीत वीस टक्के प्रथिनं असतात," आणि आपण वाटीभर आमटी पिऊन वीस ग्रॅम मिळाले असं धरतो. सोलापुरी आमटी पातळ असते. वाटीभर आमटीत कच्ची डाळ फार तर वीस ग्रॅम, म्हणजे चार ग्रॅम प्रथिनं आणि बाकी पाणी.

यावरचा उपाय कुकर उघडतानाच करायचा. घरात चौघं जण आहेत आणि १६० ग्रॅम तूरडाळ लावली असं समजा. शिट्ट्या झाल्यावर डाळ घोटा. पाणी घालण्याआधी, फोडणी देण्याआधी भांडं काट्यावर ठेवा आणि रिकाम्या भांड्याचं वजन वजा करा. समजा शिजलेली डाळ ५६० ग्रॅम भरली. म्हणजे कच्च्याच्या साडेतीनपट झाली. तुम्हाला ४० ग्रॅम कच्ची डाळ हवी, तर यातलं १४० ग्रॅम घट्ट वरण वेगळ्या वाटीत काढा. हे तुमचं. त्यावर हिंग-जिऱ्याची फोडणी, थोडं लिंबू. उरलेल्या डाळीत पाणी, चिंच, गूळ, काळा मसाला घालून सगळ्यांची आमटी करा. घरात दोन स्वयंपाक होत नाहीत आणि तुमच्या वाटीत साडेआठ ग्रॅम पक्के येतात. पहिले पंधरा दिवस वजन करा, मग वाटीच्या काठावरून अंदाज बसतो. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल हवा, किराणा दुकानासारखा ताणकाटा उपयोगाचा नाही.

कडधान्यालाही तोच नियम. मोड आलेली मटकी पाणी पिऊन दुपटीहून जड होते, म्हणून मोडांचं वजन करून हिशेब केला तर तो दुप्पट फुगतो. कोरडी मटकी मोजा, भिजवा, आणि तेवढी सगळी एका वेळची म्हणून वेगळी ठेवा. मोड आल्याने प्रथिनं वाढत नाहीत, पचायला मात्र सोपं जातं.

एक दिवस पूर्ण मांडून: मंगळवार

सकाळी साडेआठला मूगडाळीचं धिरडं. साठ ग्रॅम मूगडाळ रात्री भिजवलेली, सकाळी हिरवी मिरची, आलं, जिरं घालून वाटायची. पाणी कमीच, पीठ पळीतून सावकाश पडेल एवढं. तीस ग्रॅम पनीर किसून धिरड्यावर भुरभुरवा आणि चमच्याने दाबा. एकूण तेल एक चमचा. सोबत शंभर ग्रॅम दही. झाले तेवीस ग्रॅम. धिरडं तव्याला चिकटत असेल तर तवा पुरता तापलेला नसतो किंवा पीठ पातळ झालेलं असतं. तेल वाढवून ते सुटत नाही, एक चमचा बेसन घातलं की सुटतं.

दुपारी एकला एक भाकरी, मटकीची उसळ आणि दीडशे ग्रॅम दही. उसळीसाठी मटकी ४५ ग्रॅम, आणि तिच्यातच वीस ग्रॅम सोयाबीनचा चुरा. चुरा उसळीत लपून जातो, घरच्यांना सांगितलं नाही तर कळतही नाही. भाकरीचे सहा, मटकीचे नऊ, चुऱ्याचे दहा, दह्याचे पाच, एकूण तीस. काकडी, कांदा, मेथी हवी तेवढी. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा डाळी-भाज्यांतलं लोह शोषू देत नाही. तासाभराने घ्या.

संध्याकाळी पाचला अडीचशे मिली टोन्ड दुधात वीस ग्रॅम मिल्क पावडर आणि तोंडात टाकायला तीस ग्रॅम फुटाणे. एकवीस ग्रॅम. पावडर थेट गरम दुधात टाकली की गोळ्या होतात. आधी दोन चमचे कोमट पाण्यात पेस्ट करायची, मग दूध ओतायचं. चवीला वेलची किंवा कोरडी कॉफी. गोड हवंच असेल तर साखर अर्धा चमचा, त्यापुढे नको.

रात्री आठला एक भाकरी, मघाचं १४० ग्रॅम घट्ट वरण आणि सत्तर ग्रॅम पनीर घातलेली पालकाची किंवा ढोबळ्या मिरचीची भाजी. सहा, साडेआठ आणि तेरा मिळून साडेसत्तावीस.

दिवसाची बेरीज १०१.५ ग्रॅम. दिवसभराचं तेल चार छोट्या चमच्यांत ठेवलं तर कॅलरी एकोणीसशेच्या आसपास राहतात. महिन्याभरात वजन वाढताना दिसलं तर आधी तेल, मग फुटाणे, मग रात्रीची भाकरी अर्धी करा. डाळ, दही आणि पनीर कापू नका. सवय म्हणून लोक नेमकं उलटं करतात.

उरलेला आठवडा

साचा तोच आहे, फक्त नग बदलतात. नाश्त्याला अडीच ठोकळे, दुपारी तीन, संध्याकाळी दोन आणि रात्री अडीचच्या पुढे. सबंध दिवसाचे एकाच जेवणात कोंबायचे नाहीत. रात्री एकदम साठ ग्रॅम खाऊन पोट जड होतं आणि स्नायूला त्याचा तेवढा उपयोगही होत नाही.

सोमवारचा उपवास सोलापुरात बऱ्याच घरांत असतो, कुणाचा गुरुवारी, एकादशी तर असतेच. त्या दिवशीच आराखडा मोडतो, कारण साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य. वाटीभर खिचडीतून जे मिळतं ते शेंगदाण्याच्या कुटाचं. तेव्हा उपवास दुधावर चालवा. सकाळी पाव लिटर दुधात २५ ग्रॅम मिल्क पावडर (१७). दुपारी साठ ग्रॅम राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, शंभर ग्रॅम पनीर जिरं-मिरचीत परतून, दीडशे ग्रॅम दही (३१). संध्याकाळी दूध-पावडर आणि मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे (२१). रात्री दोनशे ग्रॅम चक्का, जिरेपूड-सैंधव घालून, आणि पन्नास ग्रॅम पनीर (२३). बेरीज ९२. आठ कमी पडले तरी चालतं, ते भरायला तळण आणू नका. काही घरांत उपवासाला पनीर चालत नाही. तिथे पनीरऐवजी चक्का आणि मिल्क पावडर वाढवा, पण मग ऐंशीच्या पुढे जाणं अवघड आहे.

बुधवारी नाश्त्याला धपाटी. तीस ग्रॅम ज्वारीचं पीठ, चाळीस ग्रॅम बेसन, तीस ग्रॅम किसलेलं पनीर, मेथी किंवा कांदा, तीळ, ओवा. सोबत दोनशे ग्रॅम दही (२३.५). दुपारी भाकरी, साठ ग्रॅम हरभऱ्यांची उसळ, तिच्यात १५ ग्रॅम सोयाबीनचा चुरा, दीडशे ग्रॅम दही (३०). संध्याकाळ मंगळवारसारखीच (२१). रात्री खिचडी, पण तांदूळ चाळीस ग्रॅम आणि मूगडाळ पंचेचाळीस. नेहमीचं प्रमाण याच्या उलट असतं. सत्तर ग्रॅम पनीर वरून (२७).

गुरुवारी सकाळी पन्नास ग्रॅम मुगाची मोड आलेली उसळ आणि दूध, त्यात १५ ग्रॅम पावडर (२४). दुपारी भाकरी, दही आणि पस्तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा (२९). संध्याकाळी दोनशे ग्रॅम चक्का आणि तीस ग्रॅम फुटाणे (२०). रात्री पंचेचाळीस ग्रॅम हुलग्याच्या पिठाचं पिठलं, भाकरी आणि साठ ग्रॅम पनीर (२६.५). हुलग्याचं पिठलं बेसनासारखं पटकन आळत नाही आणि कच्चं राहिलं तर घशाला खवखवतं. झाकण घालून मंद आचेवर दहा मिनिटं तरी शिजू द्या.

शुक्रवार मंगळवारसारखाच, फक्त मटकीऐवजी चवळी आणि रात्री ४५ ग्रॅम मसूरडाळ, साठ ग्रॅम पनीर. शनिवारी बुधवारचा नाश्ता, गुरुवारचं दुपारचं जेवण, मंगळवारची संध्याकाळ आणि रात्र. दोन्ही दिवस शंभराला भिडतात.

रविवार घरच्यांचा. सकाळी शंभर ग्रॅम पनीरची भुर्जी आणि भाकरी (२४). दुपारी भरली वांगी होणारच. तुमच्या वाटणीच्या वांग्यांत वीस ग्रॅम कूट धरा, सोबत भाकरी, ४५ ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, दोनशे ग्रॅम दही (२७.५). संध्याकाळ नेहमीची (२१). रात्री ३५ ग्रॅम सोयाबीनच्या चुऱ्याचा खिमा, भाकरी आणि शंभर ग्रॅम दही (२७.५). शेंगापोळी केली असेल तर एक खा आणि त्या जेवणातली भाकरी सोडा.

आठवड्याची बाजारहाट आणि रविवारची तयारी

एकटीच्या वाटणीचा माल असा: पनीर ७०० ग्रॅम, सोयाबीनच्या वड्या आणि चुरा मिळून १६० ग्रॅम, मिल्क पावडर १६० ग्रॅम, फुटाणे १८० ग्रॅम, पिण्याचं दूध दोन लिटर, आणि दह्यासाठी, चक्का धरून, पावणेतीन लिटर दूध. डाळी-कडधान्यं घरात असतातच. महिन्याच्या किराण्यात मूगडाळ आणि हुलगे तेवढे वाढवून आणा.

मिल्क पावडर घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. शंभर ग्रॅमला पस्तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि साखर घातलेली नाही, हेच स्किम्ड मिल्क पावडर. शेजारीच मिळणारं डेअरी व्हाइटनर दिसायला तसंच असतं, पण त्यात साखर घातलेली असते आणि प्रथिनं वीसच्या आसपास. सोयाबीनच्या वड्यांवर शंभर ग्रॅमला ५०च्या वर आकडा असायला हवा. डब्यातली व्हे पावडर घेतली तर एका मापाला साधारण चोवीस ग्रॅम मिळतात आणि संध्याकाळचा सगळा खटाटोप एका ग्लासात संपतो. घेणं चुकीचं नाही, महाग आहे. आकडा "एका मापाला" आहे की "शंभर ग्रॅमला" हे तेवढं बघा.

पनीर घरीच करा, आठवड्यातून दोनदा. एक लिटर गाईच्या दुधाचं दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम होतं. म्हशीच्या दुधाचं जास्त होतं, पण त्यात चरबीही जास्त. पंढरपुरी म्हशीचं दूध घरी येत असेल तर रात्रभर थंड करून साय काढा आणि मग वापरा. उकळी आली की गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग दोन चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून हळूहळू घाला. उकळत्या दुधात रस ओतला तर पनीर रबरासारखं होतं. हिरवट, निवळ पाणी सुटलं की रस घालणं थांबवा. पाणी दुधाळ राहिलं असेल तर अजून अर्धा चमचा रस लागतो, नाहीतर प्रथिनं त्या पाण्यातच जातात. निवळीत थोडी प्रथिनं असतातच, भाकरीचं पीठ मळायला ती वापरा, पण ठोकळ्यात धरू नका.

सोयाबीनचा वास न आवडणाऱ्यांनी वड्या मिठाच्या पाण्यात सहा-सात मिनिटं उकळाव्या, गार पाण्यात टाकून दोन्ही तळव्यांत घट्ट पिळाव्या, पुन्हा गार पाण्यात घालून पुन्हा पिळाव्या. पहिलं पाणी फेसाळ आणि पिवळसर निघतं, दुसरं बरंच स्वच्छ. वास त्या पहिल्या पाण्याबरोबर जातो. एकदाच पिळून थेट रश्शात टाकणाऱ्यांना सोयाबीन आवडत नाही, यात नवल नाही. पिळलेल्या वड्या फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतात.

उन्हाळ्याचं वेगळं गणित

इथला एप्रिल-मे चाळिशीच्या वर असतो आणि हा सगळा आराखडा नासणाऱ्या जिनसांवर उभा आहे. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, मटकीला आठ तास भिजवून वर पूर्ण दिवस मोड यायला लागतो. मे महिन्यात सहा तास भिजवणं पुरतं आणि बांधल्यावर आठ-दहा तासांत मोड येतात. त्यापुढे ठेवली की आंबते. फडक्यात गच्च बांधू नका, चाळणीत पसरून वर ओलं फडकं टाका आणि चार-पाच तासांनी एकदा धुवा. बोटाला बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर धुऊन वाचवायच्या फंदात न पडता टाकून द्या.

चक्का नळाला टांगायची सवय उन्हाळ्यात सोडा. चाळणीत फडकं, त्यात दही, खाली पातेलं, आणि सगळं फ्रीजमध्ये रात्रभर. पाचशे ग्रॅम दह्याचा दोनशे ग्रॅम चक्का होतो आणि त्यात चौदा ग्रॅम प्रथिनं राहतात, थोडी निवळीबरोबर जातात. वीज तासन्‌तास गेली असेल तर पनीरचा तुकडा तोडून बघा. कडा निसरड्या आणि चव आंबट झाली असेल तर ते गेलं. अशा वेळी ताटात फुटाणे, मिल्क पावडर आणि सोयाबीन वाढवा, या तिघांना फ्रीज लागत नाही.

पाणीही वाढवावं लागतं. उन्हाळ्यात तीन लिटरच्या आसपास प्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर तेवढंही पुरत नाही असं समजा.

पहिल्या महिन्यात काय बिघडतं

पोट फुगतं. पंचेचाळीसवरून एकदम शंभरावर उडी मारणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीचं फुगतं, आणि दोष कडधान्यावर येतो. पहिला आठवडा सत्तरवर राहा: फक्त संध्याकाळचं दूध-फुटाणे आणि घट्ट वरण जोडा. दुसऱ्या आठवड्यात सोयाबीन आणि पनीर आणून पंच्याऐंशी. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण. भिजवलेलं पाणी फेकायचं, शिजवताना हिंग-आलं घालायचं, हरभरा बोटाने दाबल्यावर पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचा. तरी फुगतच असेल तर तीन दिवस दूध बंद करून दही-ताकावर राहून बघा. त्याने थांबलं तर त्रास कडधान्याचा नव्हता, दुधातल्या साखरेचा होता. अशा वेळी मिल्क पावडरही वगळावी लागते, कारण तिच्यात ती साखर आणखी दाट असते. तिच्या जागी चक्का आणि पनीर.

बद्धकोष्ठ झालं तर बहुधा पनीर वाढलेलं आणि भाजी घटलेली असते. ताटात दोन्ही वेळा वाटीभर पालेभाजी परत आणा. अंबाडी, चाकवत, मेथी, जे मंडईत ताजं असेल ते.

लघवीला फेस येऊन तो रेंगाळत असेल, पायांवर सूज येत असेल, तर आराखडा थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा करून घ्या. रक्त देण्याच्या आदल्या दिवशी जोरात व्यायाम करू नका, त्याने आकडा थोडा वर येतो आणि उगाच घाबरायला होतं.

फायदा होतोय का हे वजनकाट्यावरून कळत नाही. हात न टेकता खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते आज मोजून कागदावर तारखेसह लिहा आणि तो कागद फ्रीजवर चिकटवा. दर चार आठवड्यांनी तीच खुर्ची, तेच घड्याळ.